परताव्याचं पत्र: वर्ष, पावती क्रमांक आणि एक नेमकी मागणी

आयकराचा परतावा रखडला की लोक पत्र लिहितात, आणि बहुतेक पत्रांत सगळं असतं, फक्त समोरच्या माणसाला फाइल उघडायला लागणाऱ्या तीन-चार गोष्टी नसतात. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या टेबलावर गेल्या ऑगस्टमध्ये असंच एक पत्र दुरुस्तीला आलं. वाशीच्या एका कंपनीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचं दोन पानी पत्र, सुवाच्य अक्षरात, मनापासून लिहिलेलं. त्यातल्या कोणत्या ओळी का बदलल्या ते इथे क्रमाने मांडतो. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

पत्राचा विषय असा होता: ‘सन २०२३-२४ चा इन्कम टॅक्स रिफंड अद्याप न मिळाल्याबाबत’. आणि पहिला परिच्छेद: ‘मी एक ज्येष्ठ नागरिक असून आयुष्यभर प्रामाणिकपणे कर भरला आहे. तरीही आपल्या खात्याच्या हलगर्जीपणामुळे माझी हक्काची रक्कम एक वर्षापासून अडकली आहे.’

पहिली चूक विषयाच्या ओळीतच होती. याच मजकुराची तक्रार त्यांनी जूनमध्ये पोर्टलवर टाकली होती आणि ती ‘या वर्षाचा परतावा यापूर्वीच दिलेला आहे’ या उत्तरासह बंद झाली होती. गृहस्थ त्यामुळे जास्त चिडले होते, पण उत्तर चुकीचं नव्हतं. त्यांच्या मनात २०२३-२४ हे कमाईचं वर्ष होतं, म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४. आयकर खातं मात्र विवरणपत्र करनिर्धारण वर्षाने ओळखतं, आणि ते कमाईच्या वर्षाच्या पुढचं असतं. २०२३-२४ च्या कमाईचं करनिर्धारण वर्ष २०२४-२५. करनिर्धारण वर्ष २०२३-२४ म्हटलं की समोरचा माणूस त्याच्या मागच्या वर्षाची कमाई उघडतो, आणि त्या वर्षाचा त्यांचा परतावा ऑगस्ट २०२३ मध्येच खात्यात आला होता.

“काका, बँकेचं व्याज कुठल्या वर्षातलं? तेवढंच सांगा,” असं विचारलं की गोंधळ सुटतो. व्याज किंवा पगार ज्या वर्षात मिळाला त्यात एक मिळवायचा. शंका नको म्हणून पत्रात दोन्ही वर्षं लिहावीत, करनिर्धारण वर्ष आधी आणि आर्थिक वर्ष त्याला जोडून. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आहे, आणि २०२६-२७ ची कमाई ही कर वर्ष २०२६-२७ चीच. पण त्याआधीच्या कमाईबद्दलचं कोणतंही पत्र अजूनही करनिर्धारण वर्षानेच लिहायचं. काही वर्षं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदणार आहेत, तेव्हा इथे जास्तच जपून लिहायला हवं.

दुसरी चूक पावती क्रमांकाची, आणि ती सहज दिसणारी नव्हती. विवरणपत्र भरल्यावर मिळणाऱ्या पावतीवर पंधरा आकडी क्रमांक असतो. पत्रात तो होता, पंधरा आकडे बरोबर होते, तरी क्रमांक चुकीचा होता. अलीकडच्या पावत्यांवर या क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे म्हणजे विवरणपत्र भरल्याची तारीख असते: दिवस, महिना, वर्ष, प्रत्येकी दोन आकडे. पत्रातल्या क्रमांकाचा शेवट 240724 असा होता, म्हणजे २४ जुलै २०२४. त्यांनी सोबत आणलेल्या कागदांत कलम १४३(१) खालची सूचना होती. कर आणि परताव्याची आकडेमोड झाल्यावर बंगळुरूच्या केंद्राकडून येते ती. तिच्यावर छापलेल्या पावती क्रमांकाचा शेवट मात्र 121124 होता. एका मुदत ठेवीचं व्याज राहून गेलं म्हणून त्यांनी १२ नोव्हेंबर २०२४ ला सुधारित विवरणपत्र भरलं होतं. सुधारित विवरणपत्र भरलं की ते मूळ विवरणपत्राची जागा घेतं, आणि परतावा निघाला तो सुधारितावरून. पत्रात मूळ पावतीचा क्रमांक दिला तर वाचणाऱ्याला ज्यावर परतावाच काढलेला नाही असं विवरणपत्र दिसणार.

म्हणून आमचा नियम साधा आहे. पावती क्रमांक जुन्या ईमेलमधून किंवा हाताने उतरवून घेत नाही. कलम १४३(१) ची सूचना उघडतो, त्यावरचा क्रमांक घेतो, आणि पोर्टलवर e-File मधल्या View Filed Returns या पानावरच्या क्रमांकाशी ताडून पाहतो. त्या सूचनेची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये मोकळी जागा न सोडता. मूळ पावतीचा क्रमांकही पत्रात ठेवला, पण दुसऱ्या जागी आणि ‘मूळ’ या शब्दासह. मूळ विवरणपत्र मुदतीत, म्हणजे ३१ जुलै २०२४ च्या आत भरलं होतं, हे त्यावरून दिसतं. व्याजासाठी ते लागतं.

ई-पडताळणीची तारीखही याच वेळी पाहून घ्यावी. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी झाली असेल तर भरल्याची तारीख तीच राहते. उशीर झाला तर पडताळणीचा दिवस हीच भरल्याची तारीख धरली जाते, आणि मुदतीत भरलेलं विवरणपत्र उशिराचं ठरू शकतं. इथे दोन्ही वेळा पडताळणी त्याच दिवशी झाली होती, तेव्हा प्रश्न नव्हता.

आता मुख्य गोष्ट. दोन पानांत ‘परतावा मिळाला नाही’ हे पाच वेळा आलं होतं, पण तो कुठे अडकला आहे हे एकदाही नव्हतं. परतावा न मिळण्याची कारणं वेगवेगळी आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. विवरणपत्रावर प्रक्रियाच झाली नसेल तर वाट पाहण्याला कायद्याने मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षात ते भरलं ते संपल्यापासून नऊ महिने. नोव्हेंबर २०२४ मध्ये भरलेल्यासाठी ३१ डिसेंबर २०२५. जुनी थकबाकी दाखवून परतावा वळता केला असेल तर कलम २४५ ची सूचना आलेली असते, आणि आधी तिला उत्तर द्यावं लागतं. प्रकरण करनिर्धारण अधिकाऱ्याकडे गेलं असेल तर बंगळुरूला लिहून काही होत नाही. आणि परतावा निघून बँकेतून परत गेला असेल तर तो चौथा प्रकार.

यांचा चौथा होता. पोर्टलवर विवरणपत्राच्या View Details मध्ये टप्प्यांची उभी साखळी दिसते. तिथे प्रक्रिया पूर्ण, परतावा देय, आणि शेवटी Refund failed. कारण: खातं बंद. विवरणपत्रात परताव्यासाठी निवडलेलं खातं वाशीच्या शाखेतलं जुनं पगाराचं खातं होतं, आणि निवृत्तीनंतर ते बंद केलं होतं. पत्राच्या शेवटी त्यांनी नव्या खात्याचा क्रमांक लिहून ‘कृपया या खात्यात रक्कम जमा करावी’ अशी विनंती केली होती. ही विनंती कितीही नम्र असली तरी निष्फळ आहे. पत्रावरून कोणी खातं बदलत नाही, आणि बदलू नयेच, नाहीतर कोणीही कोणाच्याही नावाने पत्र पाठवून पैसे वळवील. परतावा फक्त पोर्टलवर आधी पडताळलेल्या खात्यात जातो. आधी प्रोफाइलमध्ये My Bank Account इथे खातं जोडून पडताळून घ्यायचं, मग Services मध्ये Refund Reissue मधून परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती करायची आणि तिची ई-पडताळणी करायची.

पडताळणी बहुधा नावावर अडते. पॅनवर वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह पूर्ण नाव आणि पासबुकावर नुसती आद्याक्षरं, किंवा पॅन माहेरच्या नावाचं आणि खातं सासरच्या नावाचं, हे आपल्याकडे नेहमीचं. ते बँकेत जाऊनच दुरुस्त करावं लागतं. पॅन आणि आधार जोडलेलं आहे ना, हेही तेव्हाच पाहावं. जोडणी बंधनकारक असूनही ती नसेल आणि पॅन निष्क्रिय असेल तर परतावा निघत नाही, आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही.

या गृहस्थांनी मुलाच्या मदतीने हे सगळं २२ एप्रिल २०२५ ला केलेलं होतं. नवं खातं पडताळलेलं, विनंती सादर झालेली, व्यवहार क्रमांकही मिळालेला. त्यानंतर चार महिने काही हललं नव्हतं. खरी तक्रार ही होती, आणि पत्रात तिचा उल्लेखच नव्हता! दोन पानांतल्या रागाखाली त्यांची सर्वांत भक्कम बाजू झाकून गेली होती.

लिहायला बसण्याआधी एक तपासणी आम्ही कधीच टाळत नाही. फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात दिलेल्या परताव्यांची नोंद असते. तिथे हा परतावा ‘दिला’ असं दिसत असेल तर पत्र आयकर खात्याला नव्हे, आधी बँकेला लिहायचं. इथे तशी नोंद नव्हती.

मग रक्कम. पत्रात ‘सुमारे ४५ हजार रुपये, १२ टक्के व्याजासह’ असं होतं. ‘सुमारे’ हा शब्द अशा पत्रात नको. सूचनेप्रमाणे कर ४१,२०० रुपये, कापलेला कर ७९,८४० रुपये, म्हणून परतावा ३८,६४०. कलम २४४अ चं व्याज महिन्याला अर्धा टक्का, सरळ व्याजाने, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरून. विवरणपत्र मुदतीत भरलेलं असलं की कापलेल्या करावरच्या परताव्यासाठी मोजणी करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून. इथे १ एप्रिल २०२४ पासून सूचनेच्या तारखेपर्यंत, १८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत, अकरा महिने. व्याज मोजताना शंभराखालची रक्कम सोडतात, म्हणून ३८,६०० वर महिन्याला १९३ आणि अकरा महिन्यांचे २,१२३. एकूण ४०,७६३, आणि परताव्याची रक्कम जवळच्या दहाला पूर्ण करतात म्हणून ४०,७६०. सूचनेतही हाच आकडा होता, त्यामुळे पत्रात तोच ठेवला. परतावा ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असता तर हे व्याजच मिळालं नसतं. इथे तो कितीतरी जास्त आहे.

फेब्रुवारीनंतरच्या महिन्यांचं व्याज मागायचं का, यावर जरा विचार करावा लागला. करदात्यामुळे झालेल्या उशिराचा काळ कायदा व्याजातून वगळतो, आणि बंद खातं ही बाजू करदात्याची. पण २२ एप्रिलनंतरचा उशीर त्यांचा नव्हता. म्हणून आकडा न मांडता, ‘त्या तारखेनंतरचं व्याज नियमानुसार देय असल्यास’ असं लिहिलं. खोटा आकडा मांडून खरा आकडा संशयात आणायचा नाही.

भाषेचं म्हणाल तर मराठीत पत्र देण्याचा हक्क आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार तक्रारीचं निवेदन केंद्राच्या अधिकाऱ्यालाही संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. ठाण्याच्या कार्यालयात प्रत्यक्ष द्यायची प्रत आम्ही आनंदाने मराठीत करतो. बंगळुरूकडे जाणारी ऑनलाइन तक्रार मात्र इंग्रजीत केलेली बरी, कारण ती कोण वाचणार हे आपल्या हातात नसतं. मराठी पत्रातही पॅन, क्रमांक, तारखा आणि रकमा इंग्रजी अंकांतच टंकाव्यात, म्हणजे वाचणारा त्या तशाच्या तशा संगणकात घालू शकतो.

दुरुस्त झालेलं पत्र एका पानात बसलं:

विषय: करनिर्धारण वर्ष 2024-25 (आर्थिक वर्ष 2023-24), पॅन __________, रु. 40,760 परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती 22-04-2025 पासून प्रलंबित असल्याबाबत

महोदय/महोदया,

वरील वर्षाचे माझे सुधारित विवरणपत्र 12-11-2024 रोजी भरले व त्याच दिवशी ई-पडताळणी केली. पावती क्रमांक _________121124. मूळ विवरणपत्र मुदतीत, 24-07-2024 रोजी भरले होते. मूळ पावती क्रमांक _________240724.

कलम 143(1) ची सूचना 18-02-2025 रोजी मिळाली. तीनुसार कलम 244A च्या व्याजासह रु. 40,760 परतावा देय आहे. विवरणपत्रातील बँक खाते बंद झालेले असल्याने परतावा जमा होऊ शकला नाही.

त्यानंतर नवीन बँक खाते पोर्टलवर जोडले असून ते पडताळलेले आहे. परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती 22-04-2025 रोजी सादर केली. व्यवहार क्रमांक __________. आज चार महिने होऊनही रक्कम जमा झालेली नाही. फॉर्म 26AS मध्ये हा परतावा दिल्याची नोंद नाही. माझ्या नावे कोणतीही थकबाकी पोर्टलवर दिसत नाही.

जून 2025 मधील माझ्या तक्रारीत (क्रमांक __________) चुकून आर्थिक वर्ष लिहिले गेले होते. ही तक्रार करनिर्धारण वर्ष 2024-25 बाबत आहे.

विनंती: पडताळलेल्या खात्यात रु. 40,760, व 22-04-2025 नंतरचे व्याज नियमानुसार देय असल्यास त्यासह, जमा करावे. काही अडचण असल्यास ती लेखी कळवावी.

सोबत: सुधारित विवरणपत्राची पावती, कलम 143(1) ची सूचना, परताव्याच्या स्थितीचे व विनंतीचे पोर्टलवरील चित्र, रद्द केलेला धनादेश.

‘कोणतीही थकबाकी दिसत नाही’ ही ओळ लिहिण्याआधी Pending Actions मधलं Response to Outstanding Demand हे पान उघडून पाहिलं. न पाहता ती ओळ कोणी लिहू नये. दहा-बारा वर्षांपूर्वीची विसरलेली मागणी तिथे निघते, आणि मग अख्खं पत्र खोटं ठरतं. मागच्या तक्रारीतली चूक स्वतःहून कबूल करण्याला गृहस्थ आधी तयार नव्हते. पण ती ओळ नसती तर नव्या तक्रारीलाही जुनंच उत्तर चिकटण्याची भीती होती. ज्येष्ठ नागरिक आणि प्रामाणिक करदाता हा परिच्छेद काढला. घरात कोणाचं ऑपरेशन वगैरे असतं तर तारखेसह एक ओळ जरूर ठेवली असती, कारण त्यावर कोणीतरी प्राधान्य देऊ शकतो. निव्वळ नाराजीवर कोणाला काही करता येत नाही. सोळा नंबर फॉर्म, सगळ्या बँकांची व्याजपत्रं, आधारची प्रत, असा जो गठ्ठा जोडला होता तोही काढला. कराचा हिशोब वादात नव्हताच.

पाठवायचं कुठे, यावर ठाण्यात लोक हमखास चुकतात. वागळे इस्टेटमधल्या कार्यालयात जाऊन पत्र दिलं की काम झालं असं वाटतं. पण पुन्हा परतावा पाठवणं हे बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राचं काम. म्हणून मुख्य तक्रार पोर्टलवर Grievances मध्ये Submit Grievance इथे टाकली, विभाग CPC-ITR निवडून. चौकटीत पूर्ण पत्र चिकटवलं नाही. विषयाची ओळ, तारखा आणि विनंती एवढंच इंग्रजीत, आणि पत्राची पीडीएफ जोडून. करनिर्धारण अधिकाऱ्याला माहितीसाठी प्रत दिली, ती आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन. आपला अधिकारी कोणता हे पोर्टलवरच्या Know Your AO मध्ये पॅन घालून पाहावं. ठाण्यात राहायला आल्यावरही पॅन जुन्या पत्त्याच्या वॉर्डात राहिलेलं असतं, वाशी-नेरुळहून इकडे आलेल्यांच्या बाबतीत तर फार वेळा.

तक्रार नोंदल्यावर मिळालेला क्रमांक पत्राच्या प्रतीवर पेनाने लिहून ठेवला. याच दिवसांत ‘तुमचा परतावा मंजूर, खाते पडताळा’ असे दुव्यांसह संदेश येतात. त्यातल्या कशालाही हात लावू नका असं त्यांना बजावून सांगितलं. पाहायचं ते पत्ता स्वतः टंकून पोर्टलवरच.

तीन आठवड्यांच्या आत साखळीतली शेवटची ओळ बदलून Refund issued झाली आणि ४०,७६० रुपये नव्या खात्यात आले. पुढचं व्याज आलं नाही, आणि फार तर हजारेक रुपये वाढावेत इतक्या रकमेसाठी गृहस्थांनी पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं. एक काम मात्र उरलं. परताव्यातले मूळ ३८,६४० हे उत्पन्न नव्हे, पण २,१२३ रुपयांचं व्याज करपात्र आहे. ते मिळालं आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये, म्हणून करनिर्धारण वर्ष २०२६-२७ च्या विवरणपत्रात ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ या सदरात दाखवायचं. त्यांच्या फाइलच्या पहिल्या कागदावर आम्ही तसं लिहून ठेवलं आहे, दोन्ही वर्षांसह.